छातीतला फूट व्हॉल्व्ह: टेन्शन न्यूमोथोरॅक्समध्ये बीपी का पडतं

मे १९९५ ची गोष्ट. हाँगकाँगहून लंडनला निघालेलं विमान. एक बाई विमानतळाकडे येताना मोटारसायकलवरून पडली होती, हात सुजला होता, तरी ती विमानात बसली. प्रवाशांमध्ये दोन डॉक्टर होते, त्यातले एक हाडांचे प्रोफेसर अँगस वॉलेस. त्यांनी हाताला स्प्लिंट बांधून दिलं, झालं, विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. मग विमान वर गेल्यावर तिच्या छातीत दुखायला लागलं, दम लागायला लागला, परत तपासलं तर बरगड्या मोडलेल्या आणि गळ्याजवळ हात लावला तर श्वासनलिका मधल्या जागेवरून एका बाजूला सरकलेली. वॉलेस यांनी निदान केलं टेन्शन न्यूमोथोरॅक्स, म्हणजे छातीत फुप्फुसाबाहेर हवा अडकून दाब वाढत जाणं. खाली हॉस्पिटल नाही, लंडन कित्येक तास लांब.

पुढे त्यांनी काय केलं ते सांगतो, पण आधी तिच्या छातीत चाललं काय होतं ते बघू, कारण बऱ्याच जणांना (आणि खरं सांगायचं तर एमबीबीएसला असताना मलाही) वाटतं की फुप्फुस बसलं म्हणून माणूस गुदमरतो, बस्स, एवढंच. एक फुप्फुस पूर्ण बसलं तरी धडधाकट माणूस दुसऱ्यावर बऱ्यापैकी तग धरतो. अशी मुलं ओपीडीत स्वतः चालत येतात, ‘काल रात्रीपासून इकडे जरा दुखतंय’ म्हणतात आणि एक्सरे बघून आपल्यालाच घाम फुटतो. मग टेन्शनमध्ये असं काय वेगळं होतं की माणूस काही मिनिटांत हातचा जातो?

आपलं फुप्फुस मुळात रबरासारखं आहे, त्याला सतत आक्रसायचं असतं. छातीच्या पिंजऱ्याला उलट बाहेरच्या बाजूला जायचं असतं. दोघांच्या मध्ये दोन पातळ पडदे आणि त्यांच्यात जेमतेम दोन-चार चमचे पाणी. ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की सरकतात पण उचलून वेगळ्या होत नाहीत, तसंच हे. दोघं विरुद्ध बाजूला ओढतात म्हणून त्या फटीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी असतो, शांत श्वास सोडल्यावर साधारण ५ सेंटिमीटर पाण्याइतका कमी. म्हणजे तुम्ही स्ट्रॉने पाणी ५ सेंटिमीटर वर ओढून धरलंत तर तोंडात जेवढी ओढ लागेल तेवढी. फार काही नाही, पण तेवढ्यावर फुप्फुस फुललेलं राहतं.

आता फुप्फुसाला भोक पडलं, मोडलेल्या बरगडीचं टोक घुसलं किंवा त्याच्यावरचा एखादा हवेचा फुगा फुटला, की हवा त्या फटीत शिरते. ओढ संपते आणि फुप्फुस आक्रसतं. बहुतेक वेळा भोक आपोआप मिटतं किंवा आत-बाहेरचा दाब सारखा झाला की हवा शिरायची थांबते. हा साधा न्यूमोथोरॅक्स. यात वाईट म्हणजे फुप्फुस बसलं, पण छातीत दाब काही वाढलेला नाही.

घोळ होतो तो भोकाच्या तोंडाशी फाटलेल्या पडद्याची एक झालर लोंबत राहते तेव्हा. ज्यांच्या विहिरीवर मोटर आहे त्यांना फूट व्हॉल्व्ह माहीत असतो, पाइपच्या खालच्या टोकाला बसवलेला. मोटर ओढते तेव्हा तो उघडतो, पाणी वर येतं, मोटर बंद झाली की पाण्याच्या वजनानेच तो मिटतो आणि पाइपमधलं पाणी विहिरीत परत जात नाही. झालर अगदी तेच काम करते. श्वास घेताना छाती फुगते, फटीतला दाब कमी होतो, झालर उघडते, थोडी हवा आत. श्वास सोडताना दाब वाढतो आणि तोच दाब झालरीला भोकावर चेपून बसवतो. हवा आत येते, परत जायची वाट बंद. पुढचा श्वास, अजून थोडी. मिनिटाला वीस-तीस श्वास, आणि घाबरलेला माणूस अजूनच जोरात श्वास घेतो, म्हणजे पंप तोच मारतोय आणि भरतोयही त्याच्याच छातीत.

इथे एक प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा आणि फार कमी जण विचारतात. माणूस स्वतः श्वास घेतोय तर दाब वाढेल कसा? हवा आत यायची तर त्या क्षणी फटीतला दाब फुप्फुसातल्या हवेपेक्षा कमीच असायला हवा ना? बरोबर आहे. म्हणूनच जागा असलेला, स्वतः श्वास घेणारा रोगी असेल तर दाब वाढलेला असतो तो मुख्यतः श्वास सोडताना, खोकताना, कण्हताना. श्वास आत घेताना तो मधूनमधून खाली येतो आणि त्या प्रत्येक वेळी हृदयाला थोडी उसंत मिळते. अशा रोग्याचं आधी ऑक्सिजन घसरतं, श्वास वाढतो, नाडी पळते, आणि बीपी मात्र बराच वेळ टिकून राहतं. ते पडतं अगदी शेवटी, तो दमला की.

व्हेंटिलेटरवर असलेल्याचं गणित वेगळं. तिथे छाती हवा ओढत नाही, मशीन ढकलतं, तेही १५-२० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने. झालरीतून प्रत्येक श्वासाला हवा जोराने आत जाते आणि फटीतला दाब कधीच खाली येत नाही, ना श्वास घेताना ना सोडताना. म्हणून आयसीयूमध्ये किंवा भूल दिलेली असताना हे झालं तर काही मिनिटांत बीपी सरळ खाली. आजार तोच पण वेग इतका वेगळा की दोन आजार वाटावेत, आणि पुस्तकातलं एकच वर्णन दोघांना लावायला गेलं की चुकतं.

आता हृदयाकडे. दोन फुप्फुसांच्या मध्ये एक जागा आहे तिला मेडियास्टायनम म्हणतात, तिथे हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या, श्वासनलिका, अन्ननलिका असं सगळं सामान आहे. हे सामान भिंतीत चिणलेलं नाहीये, कार्यालयात दोन हॉलच्या मध्ये कापडी पडदा सोडतात तसं ते दोन्ही बाजूंच्या दाबावर मधोमध उभं असतं. डाव्या हॉलमध्ये हवा भरत गेली की पडदा उजवीकडे फुगणार. म्हणून हृदय सरकतं, श्वासनलिका सरकते, आणि पलीकडचं चांगलं फुप्फुसही चेपलं जातं, म्हणजे ज्याच्या भरवशावर होतो त्यालाही जागा कमी पडायला लागते.

सरकताना एक अडचण होते. पोटातून येणारी मोठी नीला (खालची व्हेना कॅव्हा) पडद्यासारख्या स्नायूतल्या, म्हणजे डायफ्रामच्या एका भोकातून वर येते आणि लगेच हृदयाला मिळते. भोक आपल्या जागी आणि हृदय बाजूला, मग मधल्या पाइपला बाक येणार. बागेतली नळी कोपऱ्यावर दुमडली की पाणी थांबतं तसं. हे चित्र इतकं छान डोळ्यांपुढे येतं की सगळीकडे तेवढंच शिकवतात, नीला दुमडली म्हणून रक्त थांबलं. चूक नाहीये, पण माझ्या मते ती अर्धी गोष्ट आहे आणि कमी महत्त्वाची अर्धी.

मुख्य गोष्ट दाबाची आहे. धमन्यांतला दाब आपल्याला माहीत असतो, १२०/८०. पण रक्त हृदयाकडे *परत* येतं ते कशाच्या जोरावर? शरीरभरच्या नीलांमध्ये जे रक्त साठलेलं आहे ते साधारण ७ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाखाली असतं आणि हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात दाब असतो एक-दोन मिलिमीटर. म्हणजे उतार फक्त पाच-सहा मिलिमीटरचा! मिनिटाला पाच लिटर रक्त एवढ्याशा उतारावरून वाहत येतं, कालव्याच्या पाण्यासारखं, दिसायला संथ पण उतार थोडा जरी मोडला तरी थांबणारं.

आणि हा उजवा कप्पा आणि त्याला मिळणाऱ्या नीला भिंतीने पातळ, मऊ, ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारख्या. त्यांच्याभोवती छातीतला दाब वाढला की त्या बाहेरून दाबल्या जातात. आता हिशोब करून बघा, बाहेरून ७ मिलिमीटर दाब आला म्हणजे पाण्याच्या भाषेत साडेनऊ सेंटिमीटर, आणि व्हेंटिलेटर ढकलतोय त्याच्या जवळपास दुप्पट दाबाने. कप्प्यातला दाब मागून येणाऱ्या दाबाइतका झाला की उतार सपाट, रक्त येणं बंद. हृदय ठणठणीत आहे, स्नायू चांगला, वीज चांगली, धडधडतंय जोरात, पण आत यायला रक्तच नाही तर बाहेर काय टाकणार? नळाला पाणी नसताना मोटर चालू ठेवल्यासारखं. शरीर नीला आवळून मागचा दाब वाढवायचा प्रयत्न करतं, नाडी १३०-१४० करतं, त्याने थोडा वेळ निभतं. मग निभत नाही. मॉनिटरवर ईसीजीची रेघ व्यवस्थित चालू आणि हाताला नाडी लागत नाही, अशी अवस्था येते. कार्डियाक अरेस्टमध्ये जी मोजकी कारणं तिथल्या तिथे दुरुस्त होऊ शकतात त्यांच्या यादीत हे म्हणूनच आहे.

भरीला ऑक्सिजनचं. बसलेल्या फुप्फुसातूनही थोडं रक्त फिरत राहतं आणि ऑक्सिजन न घेता तसंच निळं परत येऊन चांगल्या रक्तात मिसळतं. आधीच कमी रक्त, त्यात भेसळ.

एवढं समजलं की खुणा पाठ कराव्या लागत नाहीत. त्या बाजूला हवा भरलेली म्हणून स्टेथोस्कोपला श्वासाचा आवाज नाही आणि बोटाने ठोकलं तर रिकाम्या डब्यासारखा घुमतो. ती बाजू फुगलेली, दुसऱ्या बाजूइतकी हलत नाही. रक्त हृदयाच्या दाराशी तुंबलेलं म्हणून मानेच्या शिरा टरारलेल्या. पण हाच माणूस अपघातात रक्त गमावून बसला असेल तर तुंबायला रक्त उरलेलंच नसतं आणि शिरा सपाट दिसतात, तेव्हा शिरा दिसत नाहीत म्हणून हे नाही असं कुणी म्हणू नये. श्वासनलिका सरकणं हीसुद्धा उशिराची खूण, कारण ती खरी सरकते छातीच्या आत, आपण बोट लावतो वर गळ्याच्या खळगीत, तिथवर तो फरक येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. वॉलेस यांना ती लागली म्हणजे त्या बाईचं प्रकरण चांगलंच पुढे गेलेलं होतं.

विमानात अजून एक भानगड असते. केबिनमधली हवा जमिनीवरच्या इतकी दाट ठेवत नाहीत, ती असते साधारण २००० ते २४०० मीटर उंचीवर असावी तितकी विरळ, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही विरळ. बाहेरचा दाब कमी झाला की अडकलेली हवा फुगते, चिप्सचं पाकीट विमानात टम्म होतं ना, तसं. २४०० मीटरला अडकलेल्या हवेचं आकारमान तिसऱ्या हिश्शाने वाढतं. जमिनीवर दीड लिटर हवा छातीत अडकलेली असती तर वर ती दोन लिटर. म्हणून न्यूमोथोरॅक्स पूर्ण बरा झाल्याशिवाय विमानात बसू नका असं सांगतात. आणि ही बाई तर जमिनीवर असताना हाताचीच तक्रार करत होती.

तर उपाय काय? भोक पाडायचं. ऐकायला भयंकर वाटतं पण तर्क सरळ आहे, दाब अडकलाय तर त्याला वाट द्या. इथे लक्षात घ्या की त्या क्षणी फुप्फुस फुलवायचं नसतंच. छातीत भोक पाडून आतली हवा बाहेरच्या हवेशी जोडली की दाब उतरतो, रक्ताचा उतार परत येतो, बीपी सुधारतं, आणि फुप्फुस मात्र अजून बसलेलंच असतं. म्हणजे आपण जीवघेण्या न्यूमोथोरॅक्सचा साधा न्यूमोथोरॅक्स करून ठेवला, बाकीचं मग निवांत. एवढ्या वाईट अवस्थेत एक्सरेची वाट बघत बसत नाहीत, हाताशी सोनोग्राफी असेल तर तिथेच अर्ध्या मिनिटात बघतात की फुप्फुसाचा पडदा श्वासाबरोबर सरकतोय की नाही.

तातडीने करायचं तर जाड सुई. बरीच वर्षं ती गळपट्टीच्या हाडाच्या मध्यापासून खाली, दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीच्या मध्ये घालायला शिकवत. अडचण अशी की तिथे छातीचे स्नायू जाड असतात, पाच सेंटिमीटरची सुई बऱ्याच जणांत आतपर्यंत पोचतच नाही, आणि बाहेरून वाटतं की सुई घातली, हवा आली नाही, म्हणजे निदान चुकलं. २०१८ पासून डॉक्टरांना अपघाताचे रोगी सांभाळायला शिकवणाऱ्या कोर्समध्ये मोठ्या माणसांसाठी काखेखालची जागा सांगतात, बरगड्यांमधल्या चौथ्या किंवा पाचव्या फटीत, काखेच्या मध्यरेषेच्या जरा पुढे. सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला घासून घालायची कारण रक्तवाहिनी आणि नस वरच्या बरगडीच्या खाली लपून चालतात. सुई दुमडते, रक्ताने चोंदते, म्हणून ती फक्त दहा-वीस मिनिटांची सोय, तिच्यामागोमाग बोटाने छिद्र करून ट्यूब टाकावीच लागते. (हे वाचून घरी कुणाला टोचायला जाऊ नका, गाडी करून आणा.)

पण ट्यूब टाकली की नवा प्रश्न. ट्यूबचं बाहेरचं टोक उघडं ठेवलं तर श्वास घेताना त्यातूनच हवा आत ओढली जाणार. मग परत एक व्हॉल्व्हच हवा, फक्त उलट्या दिशेचा, बाहेर जाऊ देणारा आणि आत येऊ न देणारा. वॉर्डात कॉटखाली ती पाण्याची बाटली दिसते ना, ती हा व्हॉल्व्ह. नळीचं टोक पाण्याखाली साधारण २ सेंटिमीटर बुडवलेलं. छातीतला दाब त्यापेक्षा जास्त झाला की हवा बुडबुडे होऊन निघून जाते, आणि श्वास घेताना हवेऐवजी पाणी नळीत थोडं वर चढतं आणि परत उतरतं. ना स्प्रिंग ना रबर, नुसतं पाणी. बाटली छातीच्या खाली का ठेवायची तेही यातूनच कळतं, नातेवाईक कधीकधी मायेने ती कॉटवर रोग्याच्या शेजारी नीट ठेवून देतात आणि बाटलीतलं पाणी छातीकडे जायला निघतं.

वॉलेस यांनी विमानात हेच उभं केलं. औषधांच्या पेटीत सर्जिकल ब्लेड होतं, भुलीचं इंजेक्शन होतं आणि लघवीची नळी होती. नळी लिबलिबीत, छातीत घुसणार नाही, म्हणून कपडे टांगायच्या तारेच्या हँगरची तार सरळ करून नळीत घातली, तार ब्रँडीने निर्जंतुक केली, आणि ती आधाराला धरून नळी छातीत सरकवली. दुसरं टोक ऑक्सिजनच्या नळीला जोडून मिनरल वॉटरच्या बाटलीत, टोक पाण्याखाली. बुडबुडे आले आणि थोड्याच वेळात बाईचा श्वास नीट चालू झाला. हँगर आणि ब्रँडीचीच चर्चा पुढे सगळीकडे झाली. मला विचाराल तर त्यातली हुशारी त्या बाटलीत आहे, कारण तिच्याशिवाय नळी घातली असती तर दोन-चार तास काढणं अवघड होतं.

बाटलीचा व्हॉल्व्ह किती महत्त्वाचा ते मी एकदा लिफ्टमध्ये शिकलो. अपघाताचा पोरगा, व्हेंटिलेटरवर, छातीत ट्यूब, बाटलीत सतत बुडबुडे. सीटीला न्यायचा होता. शिफ्टिंगच्या गडबडीत बाटली आडवी होईल, पाणी सांडेल म्हणून कुणीतरी काळजीनेच ट्यूबला क्लॅम्प लावला. मी हाताने श्वास द्यायची बॅग दाबत होतो. दोन मजले जाईपर्यंत बॅग दाबायला टणक लागायला लागली, आधी वाटलं नळीत कफ अडकला, मग बीपी १०० वरून ६० वर, सॅच्युरेशन घसरलेलं, नाडी १४०. लिफ्टमध्ये जागा नाही, स्टेथोस्कोप कुठे लावणार. सिस्टर म्हणाल्या, ‘सर, बाटली गप्प का आहे हो?’ खाली वाकून बघितलं तर क्लॅम्प. काढला तसा बाटलीत असा खळखळाट झाला की पाणी उसळून बाहेर आलं, आणि हातातली बॅग पुढच्याच दोन दाबांत मऊ. बीपी सीटीच्या दारापर्यंत ९० वर आलं होतं.

बुडबुडे येतायत म्हणजे भोक अजून उघडं आहे आणि हवा अजून गळतेय. त्या वेळी ट्यूब बंद करणं म्हणजे झालर परत भोकावर बसवून देणं. आता शिफ्टिंग असलं की मी आधी खाली वाकून बाटली बघतो, मॉनिटर नंतर, आणि क्लॅम्प दिसला तर काढून सरळ माझ्या ॲप्रनच्या खिशात टाकतो. सिस्टर वैतागतात, त्यांचे तीन क्लॅम्प अजून माझ्याकडेच आहेत.